बीरूचं टार्गेट आणि तंबाखूचे महिने

अगं, ये जरा जवळ. हे वाचताना तरी फोन बाजूला ठेव आणि एका जागी बस. काय ही तुझी घाई! गाद्या शिवायला घेऊन धड वर्ष झालं नाही, तोवर एजंट शोधलास आणि मला एका ओळीचा मेसेज: ‘मावशी, किती टक्के देऊ?’ नुसते टक्के सांगायला मावशी कशाला हवी गं? आमचं काय झालं ते आधी ऐक, मग तूच ठरव.

आमची शेड बेळगोळला, हे तुला माहीत आहेच. पत्र्याची कपाटं करतो. इथे कन्नडमध्ये सगळे त्याला बीरू म्हणतात, आम्हीही मराठी बोलताना बीरूच म्हणतो. आमचे हे कारखान्यातून रिटायर झाले आणि घरात बसवेना म्हणून शेड घेतली. ते पत्रा, वेल्डिंग आणि रंग बघायचे, मी बिलं करायची. हुणसूर, पिरियापट्टणकडच्या फर्निचरच्या दुकानांत हेच स्कूटरवरून फिरायचे. मग गुडघ्याने संप केला आणि एजंट शोधावा लागला.

मिळालेला माणूस चांगला होता. त्याच दुकानांना दुसऱ्या कुणाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या देत फिरायचा, त्यामुळे ओळखी तयार. मला ‘अम्मा’, यांना ‘सार’. हिनकलच्या आमच्या घरी कॉफी पिताना बोलणं झालं. बिलावर पाच टक्के. महिन्याला पंचवीस बीरूंचं टार्गेट, त्याच्या वर जितके जातील तितक्यांवर दोन टक्के जास्त.

“दर महिन्याला सारखंच, सार?” त्याने विचारलं.

“महिना म्हणजे महिना,” हे म्हणाले.

आयुष्यभर एक तारखेला पगार घेतलेला माणूस! यांना वाटायचं, सगळं जगच एक तारखेवर चालतं. आणि मला तरी कुठे वेगळं वाटलं? मीही मान हलवली आणि कपात आणखी कॉफी ओतली.

हिवाळा झकास गेला. पिरियापट्टणला तंबाखूचा लिलाव सुरू असतो, लोकांच्या हातात रोकड खेळते, मग घरातली लग्नं ठरतात. मुलीबरोबर बीरू पाठवायचा तर तेव्हाच. दर महिन्याला पंचवीसची रेघ ओलांडली जायची. हे मिशीत हसायचे.

पावसाळा आला तेव्हा पैसा शेतात गेलेला, दुकानात कुणी फिरकत नाही. टार्गेट मात्र जिथल्या तिथे. महिनाअखेरीला एजंटाचा फोन. “अम्मा, आज दहा बिलं काढा, टेंपो पाठवा.” मी आनंदाने काढली, आकडा पंचवीसच्या वर गेला. पुढच्या महिन्यातही तेच. त्याने दुकानदारांना काय सांगितलं होतं ते आम्हाला नंतर कळलं: आत्ता ठेवून घ्या, विकलं तर पैसे द्या, नाही तर परत पाठवा.

बिल काढलं की जीएसटी भरायचा, दुकानदाराचे पैसे येवोत न येवोत. तो आम्ही खिशातून भरला. एजंटाचं कमिशन दिलं, वरचे दोन टक्केही दिले. आणि मग एक दिवस टेंपो उलटा आला. दारं चेपलेली, एकाचा आरसा तडकलेला. परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट काढली की कर पुढे वळता होतो, पण चेपलेलं दार कोण वळतं करून देणार? पत्र्याचा व्यापारी म्हणाला, आधीचे द्या, मग नवा पत्रा न्या. पुढचा लिलाव तोंडावर आलेला आणि शेडमध्ये पत्रा नाही.

एजंटाला शेडवर बोलावलं. यांचा आवाज चढलेलाच. “दिलेलं कमिशन परत कर.”

“सार, टार्गेट कुणी दिलं? तुम्हीच. बिल झालं की कमिशन, हे कुणी सांगितलं? तेही तुम्हीच. पंचवीस झाले नाहीत तर दुसरा माणूस बघू, असंही म्हणालात. मी काय करू, बीरू घेऊन शेतात उभा राहू?”

“म्हणून दुकानात कोंबायचे?”

“मला बेंगळुरूची एक मोठी पार्टी बोलावते आहे,” त्याने हेल्मेट उचललं. “आय्तु, झालं तर मग, मी जातो.”

तो गेला असता तर त्या रस्त्यावरची सगळी दुकानं बेंगळुरूच्या बीरूंनी भरली असती. यांचा गुडघा काही पुन्हा स्कूटरवर चढणार नव्हता. शेडला कुलूपच लागलं असतं.

“हेल्मेट खाली ठेव,” मी म्हटलं. “अहो, तुम्हीही बसा. आधी तू सांग, वर्षभरात एकूण किती जातील?”

“वर्षाचं विचाराल तर तुमचं टार्गेट होईल अम्मा. महिन्याचं नाही होणार.”

मग बसलो, डबा तिघांत खाल्ला आणि पुन्हा बसलो. टार्गेट वर्षाचं धरलं, आकडा तोच, महिन्याला पंचवीसच्या हिशेबाने तीनशे. पण बराचसा भाग लिलाव सुरू झाल्यापासून उगादीपर्यंत, म्हणजे आपल्या पाडव्यापर्यंत, आणि पावसाळ्यात थोडाच. वरचे दोन टक्के वर्षाच्या शेवटी, टार्गेटच्या वरच्या बीरूंवरच. हे त्याला लगेच पटलं. मग माझी अट: कमिशन बिलावर नाही, दुकानदाराचे पैसे आमच्या बँकेत आल्यावर. तेही मालाच्या किमतीवर, कर आणि टेंपोभाडं सोडून. परत आलेला माल विक्रीत धरायचा नाही.

इथे तो अडला. “पावसात पैसे येत नाहीत अम्मा. गाडीत पेट्रोल कशाने घालू?”

खरंच होतं त्याचं. म्हणून पावसाळ्याचे महिने दरमहा थोडी उचल द्यायची आणि लिलावाच्या महिन्यांतल्या कमिशनमधून ती वळती करायची, असं ठरलं. परत आलेल्या बीरूंवर त्याने आधीच घेतलेलं कमिशनही तसंच वळतं करायचं.

“आणि माझ्या भागातलं गिऱ्हाईक सरळ शेडवर आलं तर?” त्याने विचारलं.

“ते आमचं!” हे उसळले. “त्यात तुझं काय?”

“सार, दुकानात बीरू बघून ते इकडे येणार. दुकानदार माझ्यावर ओरडणार.”

हे काही केल्या ऐकेनात. शेवटी मीच म्हटलं, त्यावर अर्धं कमिशन. तो “बेडा”, म्हणजे नको, म्हणाला नाही, पण “हो”ही म्हणाला नाही. नुसता हसून गेला. राहील की जाईल, मला कळेना.

पुढच्या आठवड्यात पिरियापट्टणचं एक कुटुंब थेट शेडवर आलं. लग्नासाठी दोन बीरू, रोख पैसे. हे हळूच म्हणाले, “त्याला कुठे कळणार आहे?” मी यांच्यासमोरच एजंटाला फोन लावला. “तुझ्या भागातले आलेत. तुझं अर्धं मांडून ठेवलं आहे.” तो म्हणाला, “सारना सांगा, बेंगळुरूला नाही म्हटलं.” हे ऐकून यांनी स्वतः उठून त्या लोकांना कॉफी मागवली!

यंदा पावसात हेच उलटं झालं. एका दुकानदाराची ऑर्डर आल्याचं मी त्याला सांगितलं, तर म्हणतो, “देऊ नका अम्मा, त्याच्याकडे आधीचे तीन उभे आहेत. आत्ता पाठवलेत तर परत येतील.” हे शेजारीच होते. म्हणाले, “आता हा मला धंदा शिकवतो,” आणि त्याची उचल नेहमीपेक्षा दोन दिवस आधीच पाठवून दिली.

म्हणून म्हणते, टक्के नंतर ठरव. तुझ्या गाद्या लोक कधी घेतात आणि दुकानदार पैसे कधी देतो, ते आधी त्या माणसाला विचार. तोवर कशावर सही करू नकोस. त्यापेक्षा असं कर, लवकर इकडेच ये. मी त्यालाही जेवायला बोलावते, समोरासमोर विचार काय ते. आणि येताना यांच्या गुडघ्यासाठी एक पातळशी गादी घेऊन ये. ये गं, लवकर ये.