अर्धा ढीग

कशेडी घाटाच्या पायथ्याला, पोलादपूरच्या बाजूला, माझ्या थोरल्या बहिणीचं घर होतं. रस्ता रुंद करायला डोंगर कापला आणि निघालेली माती-दगड डंपरवाले तिच्या घरामागे, चढावरच्या सपाटीवर ओतत गेले. दिवाळीला मी गेले तर मागे चांगला शंकू उभा! महाडच्या कॉलेजात मी गणित शिकवते, असलं काही दिसलं की हात शिवशिवतात. पावलांनी बूड मोजलं, काठीच्या सावलीवरून उंची काढली. बुडाची त्रिज्या बारा मीटर, उंची आठ. ताई म्हणाली, "फराळाला आलीस का सर्वे करायला?"

वाडीनं आरडाओरडा केला तेव्हा कुठे उन्हाळ्याच्या तोंडाला पोकलेन आलं. ढिगाचं टोक छाटलं, माथा दाबून सपाट केला आणि गेलं. उंची निम्मी, चार मीटर. भावोजींचा फोन आला, "अर्धा ढीग नेला गो! आता पावसाला घोर नाय." मलाही हायसं वाटलं.

त्याच आठवड्यात प्रथम वर्षाला चकत्या करून घनफळ काढायचं शिकवत होते. उदाहरण म्हणून तोच ढीग घेतला. टोकापासून खाली x अंतरावर आडवी पातळ चकती कापली, तर तिची त्रिज्या दीड x. क्षेत्रफळ पाय, म्हणजे π, गुणिले सव्वादोन x वर्ग. सगळ्या चकत्यांची बेरीज, म्हणजे संकलन, पाय गुणिले पाऊण x घन. शून्यापासून आठपर्यंत घेतलं तर अख्खा शंकू ३८४ पाय. सूत्रानं पडताळा घेतला: एक तृतीयांश, बाराचा वर्ग, उंची आठ. तेच आलं. मग चारपासून आठपर्यंत, म्हणजे उरलेला शंकुछेद. ३३६ पाय.

मी चमकले. चुकलं असणार म्हणून शंकुछेदाचं सूत्र लावलं. त्रिज्या बारा आणि सहा, उंची चार. १४४ अधिक ७२ अधिक ३६, गुणिले चार, भागिले तीन, वर पाय. पुन्हा ३३६. म्हणजे गेलं होतं फक्त ४८ पाय, आठातला एक भाग. सात भाग माझ्या बहिणीच्या डोक्यावर तसेच होते. डोंगरावरचा ढीग काही पुस्तकातला शंकू नसतो, पण सातचे चार व्हायचे नाहीत. मुलं उदाहरण म्हणून उतरवून घेत होती.

शनिवारी एसटीनं गेले. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेला होता. ढिगावर चढून बघते तर सपाट केलेल्या माथ्यावर तळं साचलेलं! टोक होतं तेव्हा पाणी चारी बाजूंनी ओघळून जायचं. आता ते तिथेच बसून आत मुरत होतं. मला भयंकर भीती वाटली.

भावोजी ऐकेनात. "डोळ्यांना दिसतंय अर्धा नेलेला, आणि तू सात भाग म्हणतेस? तुझं गणित फळ्यावर ठेव."

मीही पेटले. ताईकडून तांदूळ घेतले, सारवलेल्या जमिनीवर त्यांची रास ओतली आणि अर्ध्या उंचीपर्यंत वरचे अलगद काढून घेतले. "मोजा!" भावोजींनी वाटीनं मोजले. काढलेले एक वाटी भरले. खालचे मोजताना पाचव्या वाटीला त्यांनी मोजणं सोडलं, तरी रास उरलीच होती.

"बरं, पावसाळ्यापुरतं येऊ तुझ्याकडं. महाडला पुरात बुडवू नको म्हणजे झालं," ते म्हणाले. "पण मी रोज तिन्हीसांजेला इथं येणार. देवापुढं दिवा नको लावाय? घर काळोखात ठेवायचं नाय."

पाऊस लागायच्या आधी, भावोजी शेतावर गेले असताना, ताईनं देव्हाऱ्यातले देव नव्या फडक्यात बांधले आणि मांडीवर घेऊन एसटीनं सरळ माझ्या घरी आली. भावोजी मागोमाग आले, लालबुंद होऊन. देव जिथे, तिथे त्यांना यावंच लागलं. त्या दिवसापासून दिवा माझ्या स्वयंपाकघरात लागू लागला.

श्रावणात ढीग खाली आला. ऐन तिन्हीसांजेला. मागची भिंत फोडून देवघरात घुसला आणि छपराला टेकला. वाडीत कुणाला ओरखडाही नाही; गेलं ते ताईचं एकच घर. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं चिखलात उभे होतो. देव्हाऱ्याची जागा कुठली, तेही कळत नव्हतं. मला रडू फुटलं. भावोजी जिवंत माझ्या शेजारी उभे होते, म्हणून फुटलं.

मला वाटलं, आता तरी म्हणतील काहीतरी.

ते माझ्याकडे न बघता ताईला म्हणाले, "बघितलंस? देव हलवलेस, म्हणून घर पडलं."