जयवंत सरांची तांबडी ओळ

लालबागला मसाल्याच्या गल्लीत, मिरची कांडण्याच्या गिरणीच्या डोक्यावर, दोन खोल्यांत एक संस्था चालायची. कापडगिरण्यांचा संप होऊन वीसेक वर्षं झाली होती, गिरण्या बंद पडल्या होत्या, आणि गिरणीकामगारांच्या घरांतल्या माणसांना हिशेब-लेखनाचा एक वर्षाचा कोर्स देऊन कुठेतरी कामाला लावावं, असा संस्थेचा साधा हेतू. मार्चनंतर खालची मिरची वर यायची आणि जमा-नावे शिकता शिकता अख्खा वर्ग शिंकायचा. तिथे शिकवायला होता जयवंत घाडीगावकर.

माणूस सोन्यासारखा, पण तोंडाचा भित्रा. कुणाला वाईट बातमी द्यायची म्हटलं की याच्या घशाला कोरड पडायची. शेजाऱ्याचा रेडिओ मोठा असला तर हा स्वतःच्या खिडक्या लावून घेणार, आणि शेजारणीनं विचारलं, ‘काय हो, उकडत नाही?’ तर हसून म्हणणार, ‘छे छे, थंडी वाजतेय.’ ऐन मे महिन्यात. अशा माणसाला देवानं शिक्षक केलं, आणि वर वर्षाच्या शेवटी ‘तुम्ही काही पास होत नाही’ हे सांगायचं कामही त्याच्याच गळ्यात बांधलं.

संस्थेत कॉम्प्युटर आला आणि जयवंतची या संकटातून सुटका झाली, निदान त्याला तसं वाटलं. एक्सेलमध्ये त्याला कंडिशनल फॉरमॅटिंग सापडलं. आपण अट घालायची, आणि अट खरी ठरली की ती ओळ आपोआप रंगते. म्हणजे वाईट बातमी आपण द्यायचीच नाही, रंग देईल! हा शोध त्यानं आठवडाभर मिरवला. पहिल्या झटक्यात ओळ रंगलीच नाही, नुसता एक हजेरी क्रमांक तांबडा आणि भलत्याच मुलाचं आडनाव तांबडं. फॉर्म्युल्यात रकान्याच्या आधी डॉलरचं चिन्ह घालायचं राहिलं होतं, त्यामुळे अट प्रत्येक घरात एकेक पाऊल सरकत होती. ते घातलं आणि ओळ कशी टोकापासून टोकापर्यंत रंगली.

संस्थेचे प्रमुख रमाकांत सर म्हणाले, “ज्यांची सरासरी आत्ता पन्नास टक्क्यांच्या खाली, ते सगळे तांबडे करा. सोपं आहे.”

“सर, मग अर्धा वर्ग तांबडा होईल,” जयवंत म्हणाला. आकड्यांच्या बाबतीत मात्र त्याची जीभ अडखळत नसे. “पहिल्या चाचणीत पंचवीसपैकी सात पडले म्हणजे माणूस बुडाला असं नाही. अजून पंचाहत्तर गुणांच्या परीक्षा उरल्यात. काय मिळालंय ते बघायचं, आणि जे उरलंय ते सगळंच्या सगळं मिळालं असं धरायचं. तरीही पन्नासला पोचत नसेल, तरच तांबडा.”

दोन चाचण्या पंचवीस-पंचवीसच्या, वही आणि तोंडी मिळून वीस, आणि शेवटची परीक्षा तीस. पासाची रेघ पन्नासवर. पत्रकात मिळालेल्या गुणांची बेरीज, आणि ज्या रकान्यात अजून काहीच लिहिलेलं नाही त्या परीक्षेचे पूर्ण गुण. दोन्ही मिळून पन्नासच्या खाली, की तांबडं. नियम अगदी चोख, सासूलाही नाव ठेवता येऊ नये असा.

एवढा अट्टहास त्यानं का केला, हे सांगायला हवं. त्याचे वडील रामचंद्र घाडीगावकर गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. संप सुरू झाला आणि मग संपलाच नाही. कुणी ‘संपला’ असं म्हटलंच नाही. वडील वर्षानुवर्षं सकाळी डबा न घेता गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभे राहायचे. लहानग्या जयवंतला तेव्हापासून एकच गोष्ट डाचत होती: जे होणार नाही ते माणसाला वेळेवर सांगावं. स्वतःला सांगता येत नव्हतं, म्हणून त्यानं यंत्राला शिकवलं.

जानेवारीत वही-तोंडीचे गुण भरले आणि पत्रकात एकच ओळ तांबडी झाली. मालन शिगवण.

मालनताई वर्गातल्या सगळ्यात मोठ्या, चाळिशीच्या. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्यांच्या सासूची खानावळ होती, वीस-वीस गडी जेवायचे. गिरण्या गेल्या तसे गडीही गेले. आता त्या घरात तीन-चार डबे करत, आणि गल्लीच्या टोकाच्या पतपेढीत कारकुनाची जागा त्यांच्यासाठी राखून ठेवली होती, जूनपर्यंत. अट एकच, कोर्सचं सर्टिफिकेट आणा. वर्षभर त्या पहिल्या बाकावर बसल्या होत्या, हाताला खोबऱ्याचा वास घेऊन.

ज्याची ओळ तांबडी त्यानं शेवटच्या परीक्षेला बसू नये, पुढच्या वर्षी नव्यानं नाव घालावं, असं संस्थेत ठरलं होतं. रंगानं आपलं काम केलं होतं, पण तो रंग मालनताईंना दाखवायला चालत तर जाणार नव्हता. जयवंतनंच त्यांना बोलावलं, कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिला.

“हे माझं नाव का लाल?” मालनताईंनी विचारलं.

“ते... कॉम्प्युटर म्हणतोय की आता सगळे गुण मिळाले तरी...”

“पन्नास होत नाहीत.”

“एकोणपन्नास होतात,” जयवंत म्हणाला. एका गुणाची ती बातमी देताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की खालची गिरणी त्याच्यापेक्षा मोठ्यानं बोलली.

 मालनताई म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत, सर.” आणि पिशवी उचलून निघून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून पहिला बाक रिकामा.

घरी जेवताना जयवंतनं वडिलांना हे सांगितलं. सांगताना त्याला जरा अभिमानही वाटत होता. “निदान तिला वेळेवर कळलं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही.”

रामचंद्र माशाचा काटा काढत होते. “माका ठाऊक होतां रे,” ते म्हणाले. “दुसऱ्या दिवाळीकच कळलां, की आता काय होवचां नाय.”

जयवंतचा हात ताटातच राहिला. “मग जायचात कशाला?”

“थंय माझी माणसां होती. मी नाय गेलंय तर तेंका वाटतलां, रामचंद्र पण सोडून गेलो.” आणि त्यांनी आमटी वाढून घेतली, जणू काही विशेष बोललेच नव्हते.

ज्या पायावर त्यानं आयुष्याचं एक तत्त्व उभं केलं होतं, तो पायाच वडिलांनी आमटीबरोबर गिळून टाकला. जयवंतला त्या जेवणाची चवच लागली नाही.

पुढच्याच आठवड्यात ऑफिसातल्या आनंदीबाई दारात उभ्या. “सर, गावीवाल्यांची नावं काढून द्या. फेरपरीक्षेचे बाक लावायचेत. दिवाळीनंतर घेऊ घेऊ म्हणत संक्रांत गेली तुमची.”

हे ‘गावीवाले’ ही संस्थेची खास भानगड. वेळापत्रक ठरवणारा माणूस पुण्याचा, त्यामुळे दुसरी चाचणी दरवर्षी नेमकी गणपतीत यायची. आणि गणपतीत लालबागचा कोकणी माणूस मुंबईत कसा सापडणार? म्हणून जुना रिवाज असा, की गणपतीला गावी गेलेला गैरहजर धरायचा नाही, त्याची चाचणी परत घ्यायची. उगाच दांडी मारणाऱ्याच्या रकान्यात ‘गै’, आणि गणपतीला गेलेल्याच्या रकान्यात ‘गावी’. तसं लिहायची पद्धत खुद्द जयवंतनंच घातली होती.

त्यानं पत्रकात ‘गावी’ शोधलं. सहा नावं आली. पाच पांढरी, एक तांबडी.

आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. यंत्राला त्यानं सांगितलं होतं, जो रकाना रिकामा असेल ती परीक्षा उरलेली. ‘गावी’ लिहिलेला रकाना रिकामा नव्हता. बेरजेत त्याचे गुण शून्य, आणि उरलेल्यातही शून्य. बाकीच्या पाचजणांचे बाकीचे गुण बरे होते म्हणून ते तरले. मालनताईंचे पहिल्या चाचणीत सात, वही-तोंडीला बारा, मिळून एकोणीस, त्यात शेवटचे तीस. एकोणपन्नास! आणि घ्यायची राहिलेली पंचवीस गुणांची अख्खी चाचणी हिशेबातून गायब.

बोटांवर मोजणारा साधा मास्तर असता तर त्यानं म्हटलं असतं, ‘अहो, तुमची एक चाचणी राहिलीय ना?’ पण रंग दिसला आणि जयवंतनं मोजणं सोडलं होतं. त्यानं अटीत भर घातली: ‘गावी’ लिहिलेलं असेल तर त्या परीक्षेचेही पूर्ण गुण धर. एंटर दाबताच तांबडं उडालं. चुकीनं बाईंच्या तोंडचा घास काढायला एक रकाना पुरला होता, आणि ते आठवून त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

तो तडक मालनताईंच्या चाळीत गेला. त्या डब्यांत भात भरत होत्या.

“ताई, माझी चूक झाली. तुमची चाचणी राहिलीय, ती मी धरलीच नाही.”

“मला वाटलं धरून सांगितलंत,” त्या म्हणाल्या. “कॉम्प्युटर विसरतो होय?”

“मी विसरलो.”

मालनताईंनी डब्याचं झाकण लावलं आणि एकदम हसल्या. “आता खरं सांगू? तुमच्या त्या लाल रंगानं मला सुट्टी मिळाली होती. रडले एक दिवस, मग म्हटलं, सुटले बाई. पहाटे उठून ते घसाऱ्याचे हिशेब करणं नको. आणि आता तुम्ही परत दार उघडलंत. पास होते का मी?”

“पंचावन्नपैकी एकतीस हवेत.”

“ते नाही विचारलं. पास होते का?”

हे पत्रकात नव्हतं. पत्रकाला फक्त ‘अशक्य’ एवढंच कळत होतं. जे शक्य आहे त्याच्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. या खेपेला जयवंतनं खिडकीबाहेर बघितलं नाही. तो म्हणाला, “होता तुम्ही.”

“हे कुठल्या रंगात सांगताय?” मालनताई म्हणाल्या, पण ओल्या हातानंच त्यांनी फळीवरची वही खाली काढली.

फेरपरीक्षेला त्यांना पंचवीसपैकी अकराच पडले. जयवंत दोन दिवस जेवला नाही धड. आता तीसपैकी वीस हवे होते. ओळ पांढरी होती आणि त्या पांढऱ्याचा त्याला काडीचा आधार वाटत नव्हता. शेवटच्या पेपरचे गट्ठे आले तेव्हा त्यानं त्यांचा पेपर सगळ्यात शेवटी तपासला, दोनदा. बावीस. आकडा भरला. बेरीज बावन्न झाली.

तो पडद्याकडे बघत राहिला. काहीच झालं नाही. ओळ होती तशी पांढरी, शेजारच्या सगळ्या ओळींसारखी. नापासासाठी त्यानं हौसेनं तांबडा निवडला होता. पण एवढं करून एखादं माणूस पार झालं तर कुठला रंग द्यायचा, हे त्याला कधी सुचलंच नव्हतं.

आता ही बातमी त्याच्याऐवजी सांगायला कुणीच नव्हतं, रंगसुद्धा नाही. जयवंत जिना उतरला आणि भर गल्लीत, मालनताईंच्या खिडकीखाली उभा राहून, जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं ओरडला.