काळ्या कागदावरचा बांध

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तरी आमच्या घरात वाचता येणारी मी एकटीच, म्हणून सासरे मला कचेरीच्या कामाला बरोबर न्यायचे. प्रेमाबिमाने नाही, गरज म्हणून.

ठाण्याच्या खाडीला लागून आमच्या गावाचं खाजण होतं. एक बांध खारं पाणी अडवायचा आणि आत भात पिकायचा. एका मीठवाल्या ठेकेदाराने सरकारात अर्ज केला की ही जमीन बेवारशी आहे, मला द्या. त्याला मिळाली असती तर गावाने खायचं काय?

आमच्या वकिलाने मुंबईच्या सरकारी दप्तरातून एका जुन्या पोर्तुगीज कागदाचे फोटो आणवले. जाडजूड गठ्ठा होता. फोटोत सगळं उलटं उमटलं होतं, कागद काळे आणि अक्षरं पांढरी. असं मी कधी पाहिलं नव्हतं. रात्रीवर चुन्याने लिहावं तसं दिसायचं. वकील म्हणाला, "यात तुमचा बांध आहे का, एवढं आधी बघून या. नसेल तर खर्चात पडू नका."

ठाण्यात चर्चजवळ पोर्तुगीज जाणणारे एक म्हातारे गोवेकर मास्तर राहायचे. त्यांनी गठ्ठा उघडायच्या आधी विचारलं, "कशासाठी हवंय? वकिलाला कळायला, की कचेरीत द्यायला?"

"सध्या कळाया," सासरे म्हणाले.

मास्तरांनी भिंग घेतलं. भराभर पानं उलटत गेले. बरीचशी राजाच्या पदव्यांची, काही दुसऱ्याच गावांची. मग थांबले. "आहे. खाजण तुमच्या गावाकडे, बांध सांभाळायच्या अटीवर. बाकीचं तूर्त लागत नाही."

सासरे खूश. "एवढाच लिवा नि सही करा. कचेरीतल्या साहेबाला पन वाचाया बरा."

"नाही बाबा. हे तुमच्या कानांपुरतं. काय सांगायचं, काय गाळायचं, ते मी ठरवलं. कचेरीत मला शपथेवर सांगावं लागेल की काही गाळलं नाही. तिथे अख्खंच द्यायला हवं."

अख्ख्याला बरेच दिवस लागले. पुन्हा गेलो तेव्हा मास्तरांनी मोठ्याने वाचून दाखवलं. 'सदरहू बांध, सदरहू गाव, सदरहू रयत' असं चाललं होतं.

"मास्तर, एक सदरहू आमाला विका," सासरे म्हणाले.

"जितके त्याने लिहिले तितके मी ठेवले."

एका जागी त्यांनी लिहिलं होतं, 'येथे कागद कसरीने खाल्ला आहे.' सासरे म्हणाले, "तिथं आमच्या गावाचं नाव घाला ना, जागा हाय." मास्तरांनी पान उलटलं.

मग ते वाक्य आलं. बांध फुटून खांड पडली आणि गावाने एक पावसाळा ती तशीच सोडली, तर जमीन परत घेतली जाईल.

सासऱ्यांचं तोंड उतरलं. मागच्याच साली उधाणाने आमच्या बांधाला खांड पाडली होती. "ता वाक्य गालून टाका. आदी कुटं बोल्लात ता?"

"आधी तुम्ही विचारलं होतं, बांध आहे का. तेवढंच सांगितलं. आता गाळलं तर ते भाषांतर नव्हे. आणि त्या ठेकेदाराला हेच फोटो मिळाले तर?"

सासरे उठलेच होते. मी म्हटलं, "बाबा, बसा. पुढचं ऐकू द्या."

पुढचं होतं, 'खांड पडल्यास प्रत्येक घराने एक माणूस द्यावा, पुरुष असो वा स्त्री, चिखल वाहू शकेल असा. आणि येत्या उधाणाआधी खांड बुजवावी.'

मागच्या साली आमच्या घरातून मीच गेले होते. अंगाला खारा चिखल, डोक्यावर घमेलं, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, उधाणाच्या आत, उधाणाच्या आत. तो रिवाज गावात कोणी शिकवला नव्हता; सासू चिखल वाहायला जायची म्हणून सून जायची. आणि तो इथे, काळ्या कागदावर, आमच्या किती पिढ्यांआधी कुणा परक्याने लिहून ठेवला होता. मास्तरांनी भिंग दिलं. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी बघत राहिले.

वकील भाषांतर वाचून म्हणाला, "बरं झालं, आधी कळलं. चिखल वाहिलेली माणसं आणा."

सुनावणीत ठेकेदाराच्या वकिलाने खांडीचीच गोष्ट काढली. साहेबाने मास्तरांचं ते पान उघडलं आणि मला विचारलं, "बाई, खांड बुजवली हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"मी चिखल वाहिला," मी म्हटलं. "त्यात लिवलंय तसं. घरटी एक."

साहेबाने त्या ओळीवर बोट ठेवलं. मग त्याने आणखी तीन घरांना विचारलं.

खाजण आमच्याकडे राहिलं. परत येताना सासरे बांधावर उभे राहिले आणि पायाने माती दाबून बघू लागले. म्हणाले, "इथं जरा बसलाय. उद्या घमेलं काढ गो."