तीस जूनची धडक

एक जुलैला नवा फौजदारी कायदा लागू झाला आणि माझ्याकडं वकिलासाठी येणाऱ्या प्रत्येक आरोपीला जूनच आठवू लागला. जुन्या कायद्यात सजा कमी, हे कोर्टाबाहेरच्या चहावाल्यालाही पाठ झालं होतं. म्हणून फुलंब्रीचा टेम्पोवाला "धडक तीस जूनलाच झाली" म्हणाला, तेव्हा मला तो शिकवून पाठवलेला वाटला.

छावणीजवळ त्याच्या टेम्पोनं एका सायकलवाल्याला उडवलं होतं. तो माणूस दोन जुलैला दवाखान्यात वारला. पोलिसांनी मग गुन्हा नोंदवला, घटनेची तारीख म्हणून मृत्यूचीच तारीख लिहिली आणि निष्काळजीपणानं मृत्यूचं नवं कलम लावलं. त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा, जुन्यात दोन.

"तारीख कुणी सांगितली तुला?" मी दरडावलं.

"कोण सांगणार, साहेब? त्याला दवाखान्यात मीच नेलं व्हतं. तिथं माझी सही हाय, बघा की."

मी बघितलं नाही. खोटारडा मला लांबून ओळखता येतो, अशी माझी घमेंड होती.

आरोप ठेवायच्या दिवशी न्यायाधीशबाईंनीच दोषारोपपत्रातला दवाखान्याचा कागद काढला. जखमीला आणल्याची तारीख तीस जून, खाली आणणाऱ्याची सही.

"कृत्य घडलं त्या दिवशीचा कायदा लागतो. मरण नंतर आलं म्हणून शिक्षा वाढत नाही," त्या म्हणाल्या आणि आरोप जुन्या कलमाखाली ठेवला.

मी माझी फाईल उघडली. त्याच कागदाची नक्कल पहिल्या दिवसापासून तिच्यात होती. तिची टाचणीसुद्धा मी काढली नव्हती.