गुरुवारचा गजर

विवेक सर गेले, पण त्यांचा फोन दर गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला वाजायचा. पडद्यावर एकच शब्द यायचा: 'सूर्य'. मानवतच्या त्या घरात त्यांची बायको सुमंगला हातातलं काम टाकून उभी राहायची. फोन वाजून वाजून थांबायचा. गजर बंद करायला एकदा बोट नेलं तिनं, पण दाबवलं नाही.

सर विज्ञान शिकवायचे. ती त्याच शाळेत मराठी शिकवायची. सप्टेंबरात सरांनी आठवीला प्रकल्प दिला होता: दर गुरुवारी एकाच जागेवरून मावळत्या सूर्याचा फोटो काढायचा, सूर्य कशामागं बुडाला ते वहीत लिहायचं. ते स्वतःही घराच्या गच्चीवरून काढायचे. ऑक्टोबरात वर्गातच त्यांच्या छातीत कळ आली.

दिवाळीनंतर आठवीतली वैष्णवी वही घेऊन घरी आली. "मॅडम, सर गेल्यापासून आमी फोटो काढलेच न्हाईत. सूर्य तर रोज सरकायलाय."

पुढच्या गुरुवारी गजर झाला तशी सुमंगला तोच फोन घेऊन वर गेली. कठड्यावर त्यांनी चुन्यानं खूण केली होती. तिथं फोन टेकवला. सूर्य क्षितिजाला टेकेपर्यंत तिनं मान खालीच ठेवली. सूर्याकडं थेट बघू नका, असं सर मुलांना बजावायचे. जिन्यात सरांच्या चपला वाजल्या. ती वळली. कोणी नव्हतं.

सरांचा शेवटचा फोटो तिनं उघडला. त्यात सूर्य कापसाच्या जिनिंगच्या चिमणीमागं होता. आज तो डावीकडं, पार पाण्याच्या टाकीपल्याड बुडाला होता. एवढ्या दिवसांत आपण स्वयंपाकघराबाहेर पडलो नाही, आणि हा एवढा लांब गेला!

मग दर गुरुवारी वैष्णवी आणि तिच्या वर्गातला हरिओमही यायला लागले. सूर्य दक्षिणेकडं सरकत राहिला. डिसेंबरात मात्र तीन फोटो शेजारीशेजारी ठेवले तरी फरक दिसेना.

"थांबला का काय?" हरिओम म्हणाला.

सुमंगलाला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं सरांचं पुस्तक काढून वाचलं: बावीस डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोचतो, तिथं त्याची चाल जवळजवळ कळत नाही; मग तो उत्तरेकडं वळतो.

जानेवारी सरता सरता वैष्णवी ओरडली, "मॅडम, उलटा निघाला!"

सुमंगला हसली नाही. आता तो सरांच्या फोटोंतल्या जागांवरून एकेक करत जाणार होता, आणि तिला ते सगळं बघायचं होतं. तिनं जिन्याकडं पाहायचं टाळलं.

अंधारू लागलं. पश्चिमेला चंद्राची बारीक कोर दिसली.

"हिचाबी काढू का रोज?" वैष्णवीनं विचारलं.

"काढ," सुमंगला म्हणाली, "पण उद्यापासून जरा उशिरा यावं लागंल. ती रोज उशिरा मावळते."