देठ आणि रक्त

द्राक्षबागेत चार पानं पिवळी पडली की आप्पा लगेच देठ तपासायला लॅबमध्ये धाडतात. स्वतःचे पाय सुजले, तर म्हणे वय झालं! त्यावर काकांनी सगळ्यांदेखत त्यांना झापलं. काका मोठे शहाणे! आप्पा आणखीच हट्टाला पेटले.

म्हणून मी एकट्यानेच आप्पांजवळ बसायचं ठरवलं. सकाळचा चहा झालेला, टीव्ही बंद, आप्पांच्या कानात ऐकायचं मशीन. आवाज चढवायचा नाही. विचारायचं आणि गप्प बसायचं.

"आप्पा, दवाखान्यात कशाची भीती वाटते?"

सुजलेल्या पायांकडे बघत म्हणाले, "तुझी आई तिथे चालत गेली होती. परत आलीच नाही."

"आधी घरीच रक्त घेऊन लॅबमध्ये धाडू. देठासारखं. पुढचं तुम्ही ठरवा."

"चालेल. पण रिपोर्ट आधी मला दाखव. तिचा मला कुणी दाखवला नव्हता."