हात का लावत नव्हते

"लघवीत साखर आहे, भरपूर," भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी काचनळी उजेडाला धरून सांगितलं. निळं औषध लघवीसोबत तापवल्यावर विटेसारखं लाल झालं होतं. आमच्या यांच्या पायाच्या अंगठ्याला धानाचा खुंट लागला होता, ती जखम भरत नव्हती, म्हणून आम्ही आमच्या करडी गावाहून आलो होतो. डायबिटीस, म्हणजे मधुमेह. माझ्या मनात मात्र दुसरंच दुखणं होतं.

माझी गर्भपिशवी काढून दोन पावसाळे झाले होते. त्यानंतर हे बाहेर छपरीत झोपू लागले. आत उकडतं म्हणायचे, थंडीतही. पाण्याचा गिलास घेतानासुद्धा बोटाला बोट लागू देत नसत. शेजारीण म्हणाली होती, पिशवी गेली की बाई पोकळ होते. मला ते पटलं. काही दिवस नीट नेसले, वेणीफणी केली, मग लाज वाटून तेही सोडलं.

पुढे संशय आला. मोहाडीच्या बाजारातून यायला उशीर का? सदरा धुण्याआधी मी वास घ्यायची. एकदा खिशात वैद्याची पुडी सापडली, मर्दानी ताकदीची. मला तर शिवत नाहीत, मग ताकद कोणासाठी? पुडी होती तिथंच ठेवली आणि बाजारातल्या बायकांचे चेहरे निरखू लागले.

जखमेसाठी हे दवाखान्यात भरती असताना डॉक्टरांनी आधी यांच्याशी एकट्याशी बोलून मग मला बोलावलं. इम्पोटन्स, म्हणजे इच्छा असूनही ताठरता न येणं. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की नसा आणि बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. हे हळूहळू येतं, पहाटे आपोआप येणारी ताठरताही जाते. यांची गेली होती. "बाई, यात तुमचा दोष नाही. दुसरी कोणी असती तरी हेच झालं असतं."

'दुसरी' हाच शब्द माझ्या कानात राहिला. खाटेजवळ येऊन विचारलं, पुडी कोणासाठी होती?

हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तुह्यासाठीच. दोनदा जमलं नाही. तू काही बोलली नाही. मले वाटलं, तुले किळस आली."

त्या दोन्ही वेळा त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी गप्प राहिले होते.

"मंग हात काहून लावत नव्हते?"

"हात लावला असता तर तू पुढची वाट पाहिली असती. मंग मी काय केलं असतं?"

गोळ्या सुरू झाल्या, ताटातला भात कमी झाला, जखम भरली. ताकद परत येईलच असं नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. जवळ झोपा, पण काही जमवायचंच असं मनात धरू नका, म्हणाले. पहिल्या रात्री आम्ही दोघंही अवघडून पडलो होतो. मग यांनी माझ्या पोटावरच्या टाक्यांच्या वणावर हात ठेवला आणि विचारलं, अजून दुखते का?

बायांनो, नवरा दूर गेला की आधी स्वतःला दोष देऊ नका. त्याला बोलतं करा, दवाखान्यात न्या. यांना बाजारातून उशीर झाला की माझ्या मनात आजही पाल चुकचुकते. फरक इतकाच, आता मी विचारते आणि हे सांगतात.